तूप सोडलं, तरी लिव्हरवरची चरबी का हटत नाही?

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर ग्रेड १' किंवा 'ग्रेड २' दिसलं की आपल्याकडे पहिली कुऱ्हाड तुपावर पडते. मग भाकरीवरचं तूप जातं, वरणावरची धार जाते. चहा मात्र दिवसातून चार वेळा, दोन-दोन चमचे साखर घालून चालूच राहतो आणि रात्री साडेनऊला शेवभाजीही.

ही चरबी येते कुठून ते आधी पाहू. फॅटी लिव्हरच्या रुग्णांमध्ये याचा माग काढला गेला आहे. यकृतातली निम्म्याहून जास्त चरबी अंगावरच्या, विशेषतः पोटाच्या, साठ्यातून वाहत आलेली होती. साधारण पाव हिस्सा यकृतानेच साखर-पिठापासून बनवलेला होता. खाल्लेल्या तेला-तुपातून थेट आलेला हिस्सा सर्वात लहान, साधारण १५ टक्के. म्हणून नुसतं तूप सोडून भागत नाही. पोट उतरवायला हवं आणि साखर तोडायला हवी. साखरेतला फ्रुक्टोज हा भाग तर मुख्यतः यकृतातच जिरतो आणि जास्त झाला की तिथेच त्याची चरबी होते. कोल्ड्रिंक, उसाचा रस आणि साखर घातलेला आमरस यांना म्हणूनच आधी रजा द्यावी. जळगावचं केळं मात्र सोडायचं कारण नाही. दिवसाला एक, अख्खं खावं. शेक करून नव्हे.

एक उदाहरण मांडून बघू. भुसावळचे पंचेचाळिशीतले, बैठ्या नोकरीचे गृहस्थ, वजन ८४ किलो. वजन ५ टक्के उतरलं तरी यकृतातली चरबी घटू लागते. सूज कमी व्हायला ७ टक्के आणि व्रणासारखा कडकपणा निवळायला १० टक्क्यांच्या आसपास लागतात. यांचे ७ टक्के म्हणजे जवळपास ६ किलो. आठवड्याला अर्धा किलो धरला तर तीन महिन्यांचं काम. उपाशी राहून झटपट वजन पाडलं तर यकृताची सूज उलट वाढू शकते, म्हणून घाई नको.

आता त्यांचं रात्रीचं ताट. ५० ग्रॅम शेव म्हणजे २७० कॅलरी. रश्श्यावरची तर्री पोह्याच्या दोन चमच्यांएवढी धरली तर २४०. दादर ज्वारीच्या दोन मोठ्या भाकरी, प्रत्येकी ८० ग्रॅम पिठाच्या, म्हणजे ५४०. बेरीज हजारावर जाते, आणि ताटात भाजी म्हणावी अशी जवळजवळ काहीच नसते.

त्याऐवजी कळण्याची एकच भाकरी घ्यावी. ज्वारीत उडीद असल्याने प्रथिनं जास्त मिळतात आणि पोट लवकर भरतं. सोबत चहाच्या दोन चमच्यांएवढ्या तेलातलं मोठी वाटी वांग्याचं भरीत (पुरीबरोबर नव्हे), एक वाटी घट्ट डाळ, मुळा-काकडी-कांदा. हे सगळं पावणेसहाशेच्या आत बसतं. चहातली साखर आठ चमच्यांवरून दोनवर आणली की आणखी १२० कॅलरी वाचतात. अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, पाव ताट डाळ, उसळ, अंडं किंवा मासे, उरलेल्या पाव ताटात भाकरी, एवढं डोळ्यांसमोर ठेवलं की रोज मोजत बसावं लागत नाही. भाकरीचं पीठ मात्र आठवडाभर काट्यावर तोलून बघा. आपल्याकडची भाकरी वाटते त्याहून बरीच जड निघते.

वरण-बट्टी लग्नकार्यात येणारच. उकडलेल्या बट्ट्या तळण्याऐवजी भाजून दोन घ्याव्यात, वरण भरपूर घ्यावं, तूप एक चमचा. त्या दिवशी भात नको.

व्यायामाचं माप आठवड्याला किमान १५० मिनिटं. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास असं भरभर चालायचं, की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. शिवाय दोन दिवस उठाबशा आणि भिंतीला हात टेकून जोर. काटा हलला नाही तरी नियमित व्यायामाने यकृतातली चरबी कमी होते, हे मला फार मोलाचं वाटतं. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात मात्र सकाळी सातच्या आत परतावं.

रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. एसजीपीटी नॉर्मल असूनही आजार पुढे सरकलेला असू शकतो. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून डॉक्टर यकृताच्या कडकपणाचा अंदाज देणारा 'फिब-४' काढतात. तो १.३ च्या वर असेल तर हा कडकपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅन तपासणीबद्दल विचारा. यकृत 'साफ' करणारे काढे स्वतःहून घेऊ नका. गुळवेलीने यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. दारू पूर्ण बंद. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर भाकरी कमी करण्याआधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. नाहीतर साखर एकदम खाली येऊन घाम, थरथर आणि चक्कर येते.