लोखंडावरचा नायट्रोजन: उणे 196 अंशांवर आणि 400 अंशांवर

अकरावीच्या रसायनशास्त्रात अधिशोषणाच्या, म्हणजे घनाच्या पृष्ठभागावर वायू बसण्याच्या, धड्यात दोन रकाने असतात. डावीकडे भौतिक अधिशोषण: दुबळी ओढ, कमी उष्णता, थरावर थर, तापमान वाढलं की वायू सुटून जातो. उजवीकडे रासायनिक: पक्का बंध, भरपूर उष्णता, एकच थर, सहसा न सुटणारा. परीक्षेला हे पुरतं. पण वाचून असं वाटतं की काही वायू डाव्या रकान्यातले असतात आणि काही उजव्या. प्रत्यक्षात एकच वायू एकाच धातूवर दोन्ही प्रकारे बसतो, आणि घन उत्प्रेरक कसे चालतात हे उलगडलं ते नेमकं यामुळेच. त्यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे अमोनियाच्या कारखान्यातलं लोखंड आणि त्यावरचा नायट्रोजन.

कोळसा वायू धरून ठेवतो, हे अठराव्या शतकातच ठाऊक होतं. 1823 साली डोबेरायनरने सच्छिद्र प्लॅटिनमवर हायड्रोजनचा झोत सोडला आणि तो हवेत आपोआप पेटला. 1834 मध्ये फॅरेडेने त्याचं कारण सुचवलं: वायू प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर दाटीने गोळा होतात, म्हणून त्यांची गाठ पडते. अर्धं बरोबर होतं. नुसत्या दाटीने अभिक्रिया थोडीफार वाढली असती, पण काही धातूंवरच ती होते आणि बाकीच्यांवर होत नाही, हे त्यातून कळत नव्हतं.

आलेखांची गोष्टही तशीच अर्धवट सुरू झाली. तापमान कायम ठेवायचं, दाब वाढवत जायचं आणि एका ग्रॅम घनावर किती वायू बसला ते मांडायचं, की समतापी आलेख तयार होतो. फ्रॉइंडलिशचं समीकरण, x/m = k·p^(1/n), मधल्या दाबांना छान बसतं आणि लॉगरिदम घेतला की सरळ रेषा मिळते. मात्र ते निव्वळ बसवलेलं समीकरण होतं. त्याच्या मते दाब वाढवाल तेवढा वायू बसतच राहणार, पृष्ठभाग भरणार कधीच नाही.

तो भरतो, हे लँगम्यूरने दाखवलं. अमेरिकेतल्या स्केनेक्टडी इथे जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत तो विजेच्या दिव्यांवर काम करत होता, आणि टंगस्टनच्या तारेवर अत्यल्प दाबाच्या वायूचं काय होतं हा त्याचा रोजचा प्रश्न होता. 1916 ते 1918 या काळात त्याने मांडलं की पृष्ठभाग बुद्धिबळाच्या पटासारखा आहे: ठरावीक घरं, एका घरात एकच रेणू. बसण्याचा वेग आणि सुटण्याचा वेग सारखा झाला की भरलेल्या घरांचा वाटा θ = bp/(1 + bp), इथे p हा दाब आणि b हा स्थिरांक. आलेख आधी सरळ चढतो, मग वाकतो आणि आडवा होतो. आडवा झाला म्हणजे एक थर पूर्ण भरला. पुढे प्लॅटिनमवर कार्बन मोनॉक्साइड जाळताना त्याला दिसलं की कार्बन मोनॉक्साइड वाढवला की अभिक्रिया मंदावते. तो घरं अडवून बसतो आणि ऑक्सिजनला जागाच मिळत नाही. उत्प्रेरकावर अणू धरून ठेवले गेले पाहिजेत, पण ते जागा सोडतील इतपतच, हे इथून स्पष्ट झालं.

दरम्यान कारखाना पुढे निघून गेला होता. नायट्रोजन आणि हायड्रोजन जोडून केलेला हाबरचा अमोनिया 1909 मध्ये ऑस्मियमवर झाला. ऑस्मियम जगात होतंच किती? बीएएसएफ या जर्मन कंपनीत मिटाशने हजारो मिश्रणं तपासली आणि मॅग्नेटाइट या लोहखनिजात थोडं अॅल्युमिना आणि थोडं पोटॅश वितळवून मिसळलं, तेव्हा काम झालं. 1913 मध्ये ओपाऊचा कारखाना सुरू झाला. हा उत्प्रेरक हायड्रोजनमध्ये तापवला की ऑक्साइडमधला ऑक्सिजन पाणी होऊन निघून जातो आणि मागे छिद्रांनी भरलेलं लोखंड उरतं. उत्तम चालत होतं. का चालतं, हे मात्र ते बनवणाऱ्यांनाही सांगता येत नव्हतं.

वॉशिंग्टनमधल्या सरकारी नायट्रोजन प्रयोगशाळेत पॉल एमेट आणि हंगेरीहून आलेला स्टीफन ब्रुनॉएर यांनी हाच प्रश्न हाती घेतला. 400 अंशांच्या आसपास तापलेल्या लोखंडावर नायट्रोजन सावकाश बसत जातो, हे त्यांनी मोजलं. 1934 च्या त्यांच्या निबंधाचा गाभा असा की या बसण्याचा वेग आणि अमोनिया तयार होण्याचा वेग साधारण जुळतात. म्हणजे अभिक्रियेचा खोळंबा नायट्रोजन बसण्यापाशीच आहे.

तो सावकाश का बसतो, याचं उत्तर नुकतंच तयार झालं होतं. निकेलवर हायड्रोजन मोजताना एक विचित्र आलेख मिळत असे: तापमान वाढवलं की अधिशोषण आधी कमी होतं, मग वाढतं, मग पुन्हा कमी होतं. 1931 मध्ये प्रिन्स्टनच्या ह्यू टेलरने म्हटलं की रासायनिक अधिशोषणालाही सक्रियन ऊर्जा लागू शकते. थंडीत दिसतं ते भौतिक. ते सुटून जातं आणि पुरेशी ऊर्जा मिळाली की रासायनिक सुरू होतं. 1932 मध्ये लेनर्ड-जोन्सने त्याचं चित्र काढलं. एक वक्र अख्ख्या रेणूचा, त्याची खळगी उथळ आणि पृष्ठभागापासून थोडी दूर. दुसरा वक्र तुटलेल्या अणूंचा, त्याची खळगी खोल आणि पृष्ठभागाला चिकटून. दोन्ही जिथे छेदतात तो बिंदू किती उंचीवर आहे, यावर सगळं ठरतं. तो शून्यापेक्षा वर असेल तर रेणूला घाट चढावा लागतो, खाली असेल तर तो सहज घसरत आत जातो. म्हणूनच ‘रासायनिक अधिशोषण तापमानाबरोबर वाढतं’ हे वाक्य जपून वापरावं. स्वच्छ टंगस्टनवर हायड्रोजन द्रव नायट्रोजनच्या थंडीतही रासायनिक बंधाने बसतो.

एमेट आणि ब्रुनॉएर यांच्यापुढे आता साधी पण अवघड अडचण होती. एक उत्प्रेरक दुसऱ्यापेक्षा चांगला आहे, तो पृष्ठभाग जास्त असल्यामुळे की पृष्ठभागाचा कस चांगला असल्यामुळे? ठरवायला पृष्ठभाग मोजावा लागणार, आणि छिद्रांच्या आतला पृष्ठभाग पट्टीने मोजता येत नाही. इथे त्यांनी तोच नायट्रोजन उलटा वापरला. उणे 196 अंशांवर घाट चढण्याइतकी ऊर्जा त्याच्यापाशी नसते. तो लोखंड, अॅल्युमिना, पोटॅश असा भेद न करता सगळीकडे हलकेच पसरतो. जो दुबळा बंध उत्प्रेरणाच्या काही कामाचा नाही, तोच मोजणीसाठी सोयीचा ठरला.

कृती अशी. नमुना तापवून निर्वातात साफ करायचा. नळी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायची. नळीतली मोकळी जागा हीलियमने मोजायची, कारण तो या तापमानाला जवळजवळ बसतच नाही. मग नायट्रोजनचे छोटे हप्ते सोडायचे आणि प्रत्येक वेळी दाब स्थिरावला की किती वायू गायब झाला ते टिपायचं. मिळणारा आलेख लँगम्यूरसारखा आडवा होत नाही. आधी झपाट्याने चढतो, मग गुडघा, मग बराच वेळ सरळ तिरपी रेष, आणि शेवटी दाब द्रवीकरणाजवळ आला की एकदम वर. सरळ भाग जिथे सुरू होतो तिथे पहिला थर भरला असावा, असा त्यांचा अंदाज होता. त्या जागेला ते ‘बिंदू बी’ म्हणत. वेगवेगळे वायू घेऊनही क्षेत्रफळ जवळपास सारखंच आलं, तेव्हा अंदाजाला वजन आलं.

सिद्धांत 1938 मध्ये आला. त्यासाठी सोबतीला एडवर्ड टेलर होता, तोच जो पुढे हायड्रोजन बॉम्बमुळे ओळखला गेला. तिघांच्या आद्याक्षरांवरून बीईटी. लँगम्यूरची घरं तशीच ठेवली, फक्त बसलेल्या रेणूवर दुसरा, त्यावर तिसरा बसू दिला, आणि वरच्या थरांची उष्णता द्रवीकरणाइतकी धरली. v म्हणजे बसलेला वायू, v_m म्हणजे पहिला थर भरायला लागणारा वायू, p₀ म्हणजे वायू द्रव होतो तो दाब आणि c हा पहिल्या थराच्या ओढीवर ठरणारा स्थिरांक धरला, तर सरळ रेषेतलं रूप असं:

1/[v(p₀/p − 1)] = 1/(v_m·c) + [(c − 1)/(v_m·c)]·(p/p₀)

समजा एक ग्रॅम लोखंडी उत्प्रेरकाच्या रेषेचा चढ 0.360 आणि छेद 0.0025 आला. दोन्हींची बेरीज 0.3625, तिचा व्यस्त सुमारे 2.76 घन सेंमी. हा पहिल्या थराचा वायू. नायट्रोजनचा एक रेणू 0.162 चौरस नॅनोमीटर जागा घेतो असं धरलं, तर प्रमाण तापमान-दाबाच्या एका घन सेंमी वायूने 4.35 चौरस मीटर झाकले जातात. म्हणजे क्षेत्रफळ 12 चौरस मीटर. चिमूटभर लोखंडात एका लहान खोलीएवढी जमीन. c इथे 145 येतो. तो ऋण आला तर निवडलेला दाबाचा पट्टा चुकला असं समजावं. सामान्यतः p/p₀ 0.05 ते 0.30 मध्येच रेषा सरळ राहते. अगदी बारीक छिद्रांच्या कोळशावर मात्र हे गणित फसतं. तिथे थर रचले जात नाहीत, छिद्रंच भरतात, आणि उत्तर दिसायला भरघोस पण अर्थाला पोकळ येतं.

एकूण क्षेत्रफळ मिळालं, पण त्यात लोखंड किती? इथे त्यांनी कार्बन मोनॉक्साइड घेतला. तो लोखंडावर कमी तापमानालाही पक्का बसतो. उणे 183 अंशांवर एक समतापी आलेख काढला. मग उणे 78 अंशांवर पंप लावून भौतिक थर काढून टाकला आणि पुन्हा उणे 183 वर दुसरा आलेख काढला. दुसरा आलेख पहिल्याच्या खाली, जवळजवळ समांतर. दोन्हींमधलं उभं अंतर म्हणजे न सुटलेला, लोखंडाला रासायनिक बंधाने धरलेला वायू. पोटॅशचा हिस्सा कार्बन डायऑक्साइडने तसाच मोजला. निष्कर्ष चकित करणारा होता: वजनात एक-दोन टक्के असलेल्या अॅल्युमिना आणि पोटॅशने पृष्ठभागाचा मोठा भाग व्यापलेला होता. मला स्वतःला हा प्रयोग बीईटीच्या समीकरणापेक्षा सरस वाटतो. समीकरणातल्या गृहीतकांवर पुढे पुष्कळ टीका झाली. दोन आलेखांतलं ते अंतर कोणत्याही गृहीतकावर फारसं अवलंबून नाही.

बसलेला नायट्रोजन अखंड रेणू असतो की तुटलेले अणू, यावर मात्र वाद चालूच राहिला. गेरहार्ड एर्टलने 1970 च्या दशकात लोखंडाचे स्वच्छ स्फटिक अतिनिर्वातात ठेवून तो मिटवला. पृष्ठभागावर नायट्रोजनचे सुटे अणू असतात आणि हायड्रोजन दिला की ते कमी होत जातात. म्हणजे अमोनिया त्यांच्यापासूनच बनतो. नायट्रोजनच्या रेणूतली वायुरूपात मोलमागे 945 किलोज्यूलची तिहेरी गाठ लोखंडावर सुटते, कारण तुटणारे अणू त्याच वेळी लोखंडाशी नवे बंध बांधतात. तरीही लाखोंतून एखादीच टक्कर यशस्वी होते. पोटॅशियम लोखंडाची इलेक्ट्रॉन देण्याची तयारी वाढवतं आणि तो घाट बुटका करतं. अॅल्युमिना लोखंडाचे कण एकमेकांना जुळू देत नाही. एर्टलला 2007 चं नोबेल जाहीर झालं, ते नेमकं त्याच्या 71 व्या वाढदिवशी.

कारखान्यातून काढलेल्या थकलेल्या उत्प्रेरकाची तपासणी आजही याच दोन मोजण्यांनी होते. उणे 196 अंशांचं क्षेत्रफळ आणि रासायनिक अधिशोषण दोन्ही घटले असतील, तर जास्त उष्णतेने कण एकमेकांना जुळून मोठे झाले आहेत. क्षेत्रफळ जागच्या जागी आणि रासायनिक अधिशोषण मात्र कोसळलेलं असेल, तर कच्च्या वायूतून आलेलं गंधक लोखंडाची घरं अडवून बसलं आहे. पाण्याच्या वाफेने आलेला ऑक्सिजन स्वच्छ वायू सोडल्यावर पुष्कळसा निघून जातो. गंधक निघत नाही, आणि उत्प्रेरकाची ती भरणी बदलावीच लागते.