पोटात काळा की पोटात पोकळ? कापलेल्या बटाट्याचा फोटो कसा वाचायचा

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की फोनवर कापलेल्या बटाट्यांचे फोटो येऊ लागतात. वरून सालीला डाग नाही, दाबून बघितलं तर कडक, पण कापला की मधोमध काळं. कुणाच्या फोटोत काळ्याबरोबर भोकही असतं. प्रश्न बहुतेकांचा एकच: माल खराब आला का, आणि खाल्ला तर चालेल का?

यात दोन वेगळे दोष एकमेकांत मिसळतात. पहिला ब्लॅक हार्ट, म्हणजे पोटात काळा पडलेला बटाटा. दुसरा हॉलो हार्ट, म्हणजे पोटात पोकळ राहिलेला. हे वेगळे ओळखायचे कारण असं, की पोकळ बटाटा शेतात होतो आणि काळा बटाटा बहुतेक वेळा काढणीनंतर होतो. पोकळीचा दोष गोणी भरायच्या आधीच घडून गेलेला असतो, घरी आणून तो वाढत नाही. काळेपणा मात्र गाडीत, गोडाऊनमध्ये, आपल्या स्वयंपाकघरातसुद्धा होऊ शकतो, आणि तुम्ही फोटो काढून पाठवता तेव्हाही उरलेल्या पोत्यात तो चालूच असू शकतो.

आधी काळ्याचं बघू. काढलेला बटाटा जिवंत असतो आणि श्वास घेतो. ऑक्सिजन सालीतून शिरून गरातून हळूहळू आत झिरपतो. ऊन जितकं जास्त, तितका श्वास जोरात आणि ऑक्सिजनची गरज मोठी. बटाट्याचं तापमान पस्तीस अंशांच्या पुढे गेलं की बाहेरून येणारा ऑक्सिजन मध्यापर्यंत पुरत नाही, आणि मधल्या पेशी गुदमरून मरतात. अशा उष्णतेत एक-दोन दिवसही पुरे होतात. मेलेल्या पेशींमधल्या टायरोसिन नावाच्या घटकावर बटाट्यातलीच विकरं काम करतात आणि त्याचं काळं रंगद्रव्य बनतं. कुठलाही जंतू किंवा बुरशी यात नसते. म्हणून सुरुवातीला तो भाग कडकच लागतो आणि वास येत नाही. मोठ्या बटाट्यात हे आधी होतं, कारण मध्यापर्यंतचं अंतर जास्त. थंडीतही होतं, पण कोल्ड स्टोरेजमध्ये हवा खेळती नसेल तर आणि कित्येक आठवड्यांनी.

पोकळ बटाट्याची गोष्ट जमिनीत घडते. पाण्याचा ताण पडून वाढ थांबते, मग एकदम भरपूर पाणी आणि खत मिळतं, बटाटा झपाट्याने फुगतो आणि मधला भाग बाहेरच्या वाढीला पुरा पडत नाही. तो आतून फाटतो. म्हणून ही पोकळी गोल क्वचितच असते. ती चांदणीसारखी किंवा भिंगासारखी, कोपरे टोकदार असलेली दिसते. तिच्या भिंती पांढरट किंवा फिकट तपकिरी असतात, कोरड्या आणि किंचित खरबरीत. लागवड विरळ असेल आणि कंद फार मोठे होत असतील तर प्रमाण वाढतं. पोत्यातले सगळ्यात मोठे पाच-सहा बटाटे कापून बघा. पोकळी असली तर तिथेच सापडते.

गोंधळ नेमका मधल्या अवस्थेत होतो. काळा भाग जुना झाला की सुकून आक्रसतो आणि तिथे चीर किंवा भोक पडतं. उलट पोकळीच्या भिंतीला तपकिरी थर असला की मोबाइलच्या फोटोत तो काळा दिसतो. म्हणजे दोन्ही फोटोंत भोक आणि त्याभोवती गडद कडा. अशा वेळी मी भोक बघत नाही, त्याच्या कडेपासून गरापर्यंतचा भाग बघतो. ब्लॅक हार्टमध्ये काळा पट्टा रुंद असतो, निळसर काळा किंवा शाईसारखा, आकार वेडावाकडा, आणि काळं संपून पांढरा गर सुरू होतो ती रेघ स्पष्ट असते. हॉलो हार्टमध्ये रंग फक्त भिंतीच्या पातळ पापुद्र्यापुरता. त्याच्या लगेच बाहेर गर एकदम स्वच्छ.

पण फोटो धड असला तरच हे दिसतं. बटाटा देठाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उभा कापा. आडव्या कापात मधली चीर दोन वेगवेगळ्या तुकड्यांत विभागली जाते आणि तिचा आकार कळत नाही. कापल्यावर मिनिटाच्या आत, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता पहिला फोटो घ्या. तोच तुकडा तसाच ठेवून दहा मिनिटांनी दुसरा. ब्लॅक हार्टचा नुकता मेलेला गर कापताक्षणी राखाडी किंवा किंचित गुलाबी असू शकतो आणि हवा लागली की काळा होतो. पोकळीच्या भिंतींचा रंग एवढ्यात फारसा बदलत नाही. पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत पांढरा गरही तपकिरी वाटतो, म्हणून तुकड्याखाली पांढरा कागद ठेवावा. कागद पिवळा दिसला तर बटाट्याच्या रंगावरही विश्वास ठेवू नये.

विळीचंही सांगतो. लोखंडी विळीवर कापलं की लोखंड आणि बटाट्यातला क्लोरोजेनिक आम्ल नावाचा घटक यांचा संयोग होऊन कापलेल्या पृष्ठभागावर निळसर काळे ओघळ उमटतात. तो डाग वरवरचा असतो. स्टीलच्या सुरीने पातळ चकती काढा, खाली पांढरं निघालं तर तो विळीचा. याच घटकामुळे उकडलेला बटाटा थंड होताना, बहुतेक वेळा देठाकडच्या टोकाला, करडा पडतो. कच्चा असताना तो स्वच्छ होता, तर हा आजार नाही.

एक उदाहरण घ्या. एका ओळखीच्या खानावळवाल्या काकांनी मे महिन्यात तीन फोटो पाठवले. मधोमध बोटभर काळं आणि त्यात अरुंद चीर. "अडत्याने पोकळ माल गळ्यात मारला," असं त्यांचं म्हणणं होतं. पहिल्या फोटोत चीर दिसत होती, पण तिचे कोपरे टोकदार नव्हते, आणि काळा पट्टा चिरेच्या दुपटीहून रुंद होता. मी त्यांना विचारलं, "पोती कुठे ठेवलीत?" पत्र्याच्या शेडमध्ये, भिंतीला चिकटून, एकावर एक, आणि वळवाच्या पावसाच्या भीतीने वरून ताडपत्री. "आणून किती दिवस झाले?" आठवडा.

मग एक तपासणी सांगितली, जी केवळ फोटोवरून होत नाही. मधल्या पोत्यातले दहा आणि मोकळ्या कडेच्या पोत्यातले दहा बटाटे, साधारण एकाच आकाराचे निवडून, वेगळे कापायला सांगितले. मधल्या पोत्यातले सहा काळे निघाले, कडेच्यातला एक. दोष शेतातला असता तर पोतं कुठे ठेवलंय यावर तो बदलला नसता. ज्या जागी उष्णता कोंडली आणि हवा गेली नाही, तिथेच माल गेला. कडेच्या पोत्यातला तो एकटा बटाटा गाडीतच काळा पडला असेल, तेही शक्य आहे. काळेपणा सुरू कुठे झाला हे एका बटाट्यावरून सांगता येत नाही. अडत्याशी भांडायला जायच्या आधी काकांनी ताडपत्री काढली, पोती उघडून माल फरशीवर पातळ पसरला आणि शेडमध्ये रात्री पंखा लावला. काळे झालेले परत पांढरे होत नाहीत, पण चांगले होते ते वाचतात.

खाण्याचं उत्तर दोन्हींसाठी जवळपास सारखं आहे. पोकळी कापून टाकून उरलेला बटाटा वापरा. ब्लॅक हार्टमध्येही काळा भाग काढला की बाकीचा कडक, पांढरा गर चालतो. पण तो भाग पाणावलेला, बुळबुळीत असेल किंवा घाण वास येत असेल, तर गुदमरलेल्या पेशींवर मागाहून कूज बसली आहे. तो बटाटा पूर्ण फेकावा. आणि काळं मध्यावर नसून सालीच्या आत तपकिरी कडं दिसत असेल, दाबल्यावर त्यातून दुधट थेंब येत असतील, तर ती जिवाणूजन्य मर असू शकते. असे बटाटे बेण्यासाठी अजिबात ठेवू नयेत.

रताळ्याच्या फोटोला बटाट्याचे हे नियम लावू नका. आषाढी एकादशीच्या आसपास पंढरपूरकडून जे फोटो येतात, त्यांत काळ्या रेघा असतात आणि लोक त्यांना बटाट्यासारखंच "काळं पोट" समजून तेवढं खरवडून उरलेलं शिजवतात. रताळं कापलं की सालीजवळून चीक येतो, तो हवेत काळपट होतो. तो पुसला जातो, त्याचं काही वाटून घेऊ नका. रताळं फ्रिजमध्ये ठेवलं असेल तर बारा अंशांखालच्या थंडीने आतून तपकिरी पडतं आणि शिजूनही मधला भाग दडदडीत राहतो. फार दिवस गरमीत राहून कोंब आलेलं रताळं आतून भुसभुशीत, पोकळ होतं. तेही फक्त बेचव.

सोंड्या भुंग्याची रेघ वेगळी असते. ती मध्यावर ठरून बसत नाही, वळणं घेत सालीपासून आत जाते, आणि तिच्यात काळपट भुसा भरलेला असतो, म्हणजे अळीची विष्ठा. त्याच रताळ्याच्या सालीचा जवळून फोटो मागवला की सुईने टोचल्यासारखी बारीक गोल भोकं दिसतात. आपल्या काळ्या जमिनीला पाणी कमी पडलं की भेगा पडतात, आणि त्या भेगांतूनच मुंगीसारखा दिसणारा, तांबड्या पायांचा हा भुंगा रताळ्यापर्यंत पोचतो. भर लावून आणि पाणी देऊन भेगा बुजवणं हा त्यावरचा शेतातला मुख्य उपाय.

किडलेलं रताळं स्वतःच्या बचावासाठी कडू, विषारी द्रव्यं बनवतं, आणि ती रेघेच्या बाहेरच्या गरातही पसरतात. उकडून किंवा भाजून ती जात नाहीत. म्हणून इथे काळा भाग कापून बाकीचं खा, असं मी सांगत नाही. वास उग्र आणि चव कडू असेल तर पूर्ण रताळं टाका. गुरांपुढेही टाकू नका: किडलेल्या, बुरशी लागलेल्या रताळ्यांत तयार होणाऱ्या द्रव्याने जनावरांची फुफ्फुसं निकामी होतात आणि जनावर दगावू शकतं. उकिरड्यावर फेकलेल्या रताळ्यात अळी वाढत राहते आणि भुंगा पुन्हा शेतात येतो, म्हणून ती खड्डा घेऊन खोल पुरावीत.