गोल्डन गेटची केबल किती लांब?

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचे दोन मनोरे एकमेकांपासून १२८० मीटरवर आहेत. त्यांच्या माथ्यांमध्ये झुलणारी मुख्य केबल मध्यावर सुमारे १४३ मीटर खाली येते. मग एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंत ही केबल किती लांब?

नुसती साखळी टांगली तर तिचा वक्र वेगळा असतो. इथे मात्र रस्त्याचं वजन केबलच्या वजनापेक्षा बरंच जास्त, आणि ते आडव्या अंतरावर सारखं पसरलेलं. त्यामुळे केबल जवळजवळ पॅराबोला होते, म्हणजे शाळेच्या पुस्तकातला अन्वस्त. त्याचा गुण असा, की मध्यापासून चढ एकसारखा वाढत जातो. मध्यावर चढ शून्य आणि ६४० मीटरवर २ × १४३ ÷ ६४०, म्हणजे ०.४४७. याच वेगाने चढ १ पर्यंत वाढायला १४३२ मीटर लागले असते. हा आकडा लक्षात ठेवा.

चढाला u म्हणू. केबलचा बारीकसा तुकडा म्हणजे काटकोन त्रिकोणाचा कर्ण, म्हणून अर्ध्या केबलची लांबी पायथागोरसवरून अशी:

```
1432 × ∫ √(1+u²) du     (u = 0 ते 0.447)
```

अडचण वर्गमुळाची. ते घालवायला w = u + √(1+u²) असं मानू. गंमत म्हणजे √(1+u²) मधून u वजा केला की बरोबर 1/w मिळतं, कारण त्या दोघांचा गुणाकार १ असतो. आता वर्गमूळ म्हणजे w आणि 1/w यांची सरासरी, u म्हणजे त्यांच्या वजाबाकीचा निम्मा. du सुद्धा w मध्ये लिहिलं की उरतं ते असं:

```
∫ ¼ (w + 2/w + 1/w³) dw = w²/8 + (ln w)/2 − 1/(8w²)
```

लॉगरिदम येतो तो मधल्या 2/w मुळे. बाकीच्या दोन पदांचं संकलन साध्या घातांच्या नियमाने होतं, 1/w ला तो नियम लागू पडत नाही.

मध्यावर w = १, तिथे सगळं मिळून शून्य. मनोऱ्यावर w = १.५४२२. किंमत येते ०.४६१३, तिला १४३२ ने गुणलं की अर्धी केबल सुमारे ६६०.७ मीटर, पूर्ण १३२१.४. सरळ अंतरापेक्षा फक्त ४१ मीटर जास्त!

इथे हमखास होणारी चूक म्हणजे कॅल्क्युलेटरवर ln ऐवजी log दाबणं. मग अर्धी केबल ४८५ मीटर येते. मध्यापासून माथ्यापर्यंत ताणून धरलेली सरळ दोरीच ६५५.८ मीटर लागेल, तेव्हा त्याहून कमी आलेलं कोणतंही उत्तर तिथल्या तिथे खोडावं.

१३२१.४ मधला तो दशांशही दिवसभर टिकत नाही. तापमान १० अंशांनी वाढलं की एवढं पोलाद साधारण १६ सेंटीमीटर लांबतं. मनोरे जागचे हलले नाहीत असं धरलं, तर केबलचा मध्य त्याच्या पावणेदोन पट, म्हणजे २८ सेंटीमीटरच्या आसपास खाली उतरतो.