शतपावली किती वेळ, वामकुक्षी कोणत्या कुशीवर?

रात्री साडेनऊला जेवण, सव्वादहाला अंथरूण आणि बाराच्या सुमाराला घशाशी आलेल्या आंबट पाण्याने जाग. माझ्या मामांचं हे बरीच वर्षं चाललं होतं. त्यांना मधुमेहही आहे. जेवल्यावर चाललं की रक्त पायांकडे जातं आणि अन्न तसंच पडून राहतं, अशी त्यांची पक्की समजूत. म्हणून हात धुतले की ते सोफ्यावर उजव्या कुशीवर आडवे व्हायचे. मामींचं म्हणणं नेमकं उलटं. अंगणात शंभर पावलं टाकली की जेवण जिरलंच! दोघांच्या बोलण्यात थोडं थोडं खरं आहे, पण ते कुठे आहे हे कळायला आधी पोटात काय चालतं ते बघावं लागतं.

पाणी किंवा ताक जठरातून लवकर पुढे सरकतं. भाकरी, भात, उसळ यांचं तसं नसतं. घट्ट अन्न पहिली वीस-तीस मिनिटं जठरात जवळजवळ थांबूनच असतं. तिथे ते घुसळलं जातं, आम्लात कालवलं जातं, आणि अगदी बारीक झालं की थोडंथोडं लहान आतड्यात सोडलं जातं. जठराचा वेग मोजायची एक तपासणी असते. तिच्यात किरणोत्सारी खूण केलेलं अंडं आणि ब्रेड खायला देतात आणि ते जठरात किती उरलं हे कॅमेऱ्याने पाहतात. दोन तासांनी निम्म्याहून जास्त अन्न शिल्लक असलं तरी ते नॉर्मल धरतात. चार तासांनी मात्र दहा टक्क्यांहून जास्त उरता कामा नये. आणि हे तर कमी तेलातलं, हलकं खाणं. तेलकट रस्सा किंवा मटण असेल तर त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे साडेनऊला जेवलेला माणूस सव्वादहाला आडवा होतो, तेव्हा त्याचं बहुतेक जेवण अजून जठरातच असतं.

आता चालणं. सावकाश चाललं तर जठर थोडं लवकर रिकामं होतं, असं निरोगी माणसांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. पण हा फरक इतका मोठा नाही की चार तासांचं काम तासात उरकावं. पोट फुगलं असेल तर मात्र चालण्याचा उपयोग चांगला जाणवतो. बार्सिलोनातल्या संशोधकांनी लोकांच्या आतड्यात ठरावीक मात्रेत वायू सोडला आणि त्यांना हलकं पेडल मारायला लावलं, तेव्हा तो वायू पडून राहण्यापेक्षा लवकर बाहेर पडला. ज्यांना फुगण्याचा त्रास होता त्यांनाही हलक्या हालचालीने आराम पडला. जेवल्यावर गच्चीत दोन फेऱ्या मारल्या की ढेकर येतो आणि मोकळं वाटतं, हा अनुभव खरा आहे. त्यामागे जेवण पचून संपलेलं नसतं, हवा सुटलेली असते.

मामांची रक्ताची भीती धावण्याला लागू पडते. जोरात पळालं, जिने चढले किंवा वजन उचललं तर आतड्यांकडचं रक्त खरंच कमी होतं. मग बरगडीखाली कळ येते, मळमळतं. पण गप्पा मारत चालता येईल अशा वेगाला हृदय पोट आणि पाय दोन्ही सांभाळतं. सोबतच्या माणसाशी बोलताना वाक्य तुटायला लागलं तर वेग जास्त झाला, एवढी खूण पुरेशी आहे.

शतपावलीचा सगळ्यात मोठा फायदा मला पोटाच्याही पुढच्या टप्प्यावर दिसतो, आणि त्याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोललं जातं. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. साखर शंभर असेल, म्हणजे शंभर मिलिलिटरमागे शंभर मिलिग्रॅम, तर त्या सगळ्या रक्तात मिळून साखर भरते फक्त पाच ग्रॅम. एक छोटा चमचा! आणि दोन पोळ्या, वाटीभर भात आणि वरण एवढ्या साध्या जेवणातून साठ-सत्तर ग्रॅम कर्बोदकं येतात, त्यांची पुढे साखरच होते. चमचाभर साखरेच्या रक्तात तासा-दोन तासांत त्याच्या बारा-चौदा पट साखर ओतली जाते. ती तिथेच साचू नये म्हणून स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं आणि स्नायू व यकृत ती उचलून घेतात. मधुमेहात इन्सुलिनचं सांगणं पेशींना नीट ऐकू जात नाही. पण चालणारा स्नायू आकुंचन पावताना साखरेची दारं स्वतःच उघडतो, तिथे इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. मांड्या आणि पोटऱ्या हे शरीरातले मोठे स्नायू. म्हणून मधुमेह असलेल्याच्या हातातलं हे एक मोठं साधन आहे.

वेळेचा प्रश्न इथेच सुटतो. जेवायला बसल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत साखर चढू लागते आणि बहुतेकांची तासाभराच्या आसपास शिखर गाठते. मधुमेहात ते शिखर उशिरा येतं आणि उंच असतं. चालायचं ते या चढावर, उतारावर नाही. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने 2016 मध्ये टाइप 2 मधुमेह असलेल्या 41 जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांना काही दिवस रोज कधीही सलग तीस मिनिटं चालायला सांगितलं आणि काही दिवस प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा-दहा मिनिटं. चालणं तेवढंच, तरी जेवणानंतर चाललेल्या दिवसांत जेवणानंतरची साखर सरासरी 12 टक्के कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर 22 टक्के, कारण ते जेवण भरगच्च असतं आणि त्यानंतर माणूस बसून राहतो. अमेरिकेत 2013 मध्ये साठीपुढच्या, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या दहा जणांवर असाच एक छोटा प्रयोग झाला. प्रत्येक जेवणानंतर अर्ध्या तासाने पंधरा मिनिटं चालल्यावर रात्रीच्या जेवणानंतरची साखर जितकी उतरली, तितकी दिवसा एकदाच पंचेचाळीस मिनिटं चालून उतरली नाही.

म्हणून मामींच्या शंभर पावलांचा हिशोब इथे अपुरा पडतो. एक पाऊल साधारण पाऊण मीटरहून थोडं कमी धरलं तर शंभर पावलं म्हणजे साठ-सत्तर मीटर, जेमतेम मिनिटभराचं चालणं. दहा ते पंधरा मिनिटं म्हणजे हजार ते दीड हजार पावलं झाली पाहिजेत. जेवण संपल्यावर पाच मिनिटांनी निघा की अर्ध्या तासाने, दोन्ही चालतं. मात्र दीड-दोन तासांनी निघालात तर चालण्याचे बाकीचे फायदे मिळतील, साखरेचं शिखर तोवर येऊन गेलेलं असेल.

फरक पडतो का हे घरी तपासता येतं. दोन वेगवेगळ्या रात्री तंतोतंत तेच जेवण घ्यायचं, एका रात्री बसून राहायचं आणि एका रात्री चालायचं. दोन्ही वेळा पहिल्या घासाच्या आधी आणि पहिल्या घासापासून दीड तासाने ग्लुकोमीटरवर साखर पाहायची. पण एक लक्षात ठेवायला हवं: या यंत्रांच्या प्रमाणित अचूकतेतच पंधरा टक्क्यांपर्यंतची चूक धरलेली असते. 180 आणि 170 मधला फरक हा फरक नव्हेच. तीन-चार जोड्या घेतल्यावर कल एकाच बाजूला दिसला तरच तो खरा मानावा.

आता आडवं होण्याचं. आडवं झाल्याने पचन थांबत नाही. उलट उजव्या कुशीवर जठराचं पुढचं तोंड खाली येतं आणि ते जरा लवकरच रिकामं होतं. त्रास आहे तो वरच्या तोंडाचा. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूचं एक कडं असतं. जेवणाने जठर ताणलं गेलं की आतली हवा सोडायला हे कडं अधूनमधून सैल होतं. ढेकर येतो तो त्यामुळेच. उभं असताना हवा वर येते आणि अन्न खाली राहतं. आडवं झालं की वरखाली उरतच नाही, आणि त्याच सैल क्षणी आम्ल वर सरकतं. त्यातून झोपेत आपण फार कमी वेळा गिळतो आणि लाळही कमी सुटते, त्यामुळे वर आलेलं आम्ल धुऊन खाली जायला कितीतरी वेळ लागतो.

कुशीचा फरक बघायचा असेल तर रबरी शेकाची पिशवी अर्धी भरून तिचं तोंड एका बाजूला धरून कलंडवून पाहा. एका बाजूला कलली की पाणी तोंडाशी येतं, दुसऱ्या बाजूला कलली की तोंड पाण्याच्या वर कोरडं राहतं. जठराचा फुगीर भाग डावीकडे असतो. डाव्या कुशीवर झोपलं तर जेवण त्या फुग्यात उतरतं आणि अन्ननलिकेचं तोंड वर राहतं. उजव्या कुशीवर तेच तोंड आम्लात बुडतं. मामा नेमके उजव्या कुशीवर झोपत होते. आपल्या भाषेत दुपारच्या झोपेला वामकुक्षी म्हणतात, वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. सुश्रुतसंहितेतला क्रमही हाच आहे: जेवल्यावर जडपणा जाईपर्यंत राजासारखं बसावं, मग शंभर पावलं चालावं, मग डाव्या कुशीवर पडावं. आम्लाची गोष्ट त्या काळी कुणी मोजली नव्हती, पण कूस बरोबर सांगितली होती.

ज्याला जळजळ होतच नाही त्याने दुपारी जेवल्यावर डाव्या कुशीवर वीस मिनिटं डुलकी घेतली तर काही बिघडत नाही. पण रात्रीचं जेवण आणि झोप यांत दोन ते तीन तासांचं अंतर हवंच. जपानमधल्या एका अभ्यासात आम्लपित्त वर येण्याचा आजार असलेल्या 147 जणांची तुलना तो नसलेल्यांशी केली. जेवणानंतर तीन तासांच्या आत झोपणाऱ्यांत, चार तास किंवा जास्त थांबणाऱ्यांच्या तुलनेत, हा आजार असण्याची शक्यता सातपटीहून जास्त निघाली. ही तुलना आहे, प्रयोग नव्हे. तरी शरीराचं गणित त्याच बाजूचं आहे.

चालणं सगळ्यांना सरसकट सांगता येत नाही. इन्सुलिन किंवा साखर खेचून खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी नवा नेम सुरू करताना डॉक्टरांशी बोलावं आणि खिशात साखर ठेवावी. काही वयस्कर माणसांचा रक्तदाब जेवल्यावर तासाभरात उतरतो, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यांनी आधी थोडं बसावं आणि सोबत घेऊन चालावं. जेवल्यावर चालताना छाती आवळून येत असेल आणि थांबल्यावर बरं वाटत असेल, तर तो गॅस समजून सोडा पिऊ नये. तो हृदयाचा इशारा असू शकतो.

मामांचं जेवण आता आठला होतं. साडेआठला ते आणि मामी सोसायटीच्या आवारात निघतात, पंधरा मिनिटांत सहा-सात फेऱ्या होतात. नंतर आरामखुर्ची, पण टेकून, आडवं नाही. अकराला झोप, डाव्या कुशीवर. उशांवर उशा रचून पाहिल्या, पण त्याने मान आणि कंबर मुडपते आणि पोटावर उलट दाब येतो. म्हणून पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा ठेवून तो पंधरा-वीस सेंटीमीटर उचलला. बाराची जाग आता क्वचित येते. लग्नाघरी उशिरा जेवण झालं की मात्र हमखास येते, आणि त्या रात्री ते आपणहून उठून खुर्चीत बसतात.