सिंधुदुर्गाला रेड अलर्ट कुणी दिला?

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत पावसाळ्याचे चार महिने मी एक उद्योग करतो. हवामान खात्याचा इशारा आला की कोकणातल्या जिल्ह्यांचा छोटा नकाशा रंगवून तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो. मागे एकदा सेक्रेटरींनी त्याची झेरॉक्स काढून लिफ्टशेजारी चिकटवली. संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं. "अरे, माझी बहीण कणकवलीला असते. तिला फोन केला तर म्हणते, इथे ऊन आहे. मग तू सिंधुदुर्गाला रेड अलर्ट कशाला दिलास?"

मी दिला नव्हता. रायगड लाल होता, मुंबई आणि ठाणे नारिंगी, पालघर पिवळा, सिंधुदुर्ग हिरवा. पण भिंतीवरच्या कागदावर रायगड आणि सिंधुदुर्ग तंतोतंत सारखे काळसर दिसत होते. चूक झेरॉक्सवाल्याची नव्हती, माझी होती.

आपल्याला वाटतं, लाल आणि हिरवा हे एकमेकांपासून इतके लांबचे रंग, ते छपाईतही वेगळे राहतीलच. पण रंग काढून घेतला की उरतो फक्त उजळपणा, आणि दोन वेगळ्या रंगांचा उजळपणा अगदी सारखा असू शकतो. स्क्रीनवरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणाने बनतो. प्रत्येकाचं प्रमाण 0 ते 255. त्यावरून करडी छटा काढायचं नेहमीचं सूत्र असं:

```
Y = 0.299 R + 0.587 G + 0.114 B
```

Y शून्य म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा. हिरव्याला सगळ्यात जास्त वजन आहे, कारण आपला डोळा हिरवट-पिवळ्या प्रकाशाला, साधारण 555 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, सगळ्यात जास्त प्रतिसाद देतो. निळ्याचा वाटा सगळ्यात कमी. हे सूत्र आलं रंगीत टीव्हीच्या तंत्रातून. 1982 मध्ये दूरदर्शन रंगीत झालं तेव्हा टीव्ही असलेल्या बहुतेक घरांत ब्लॅक-अँड-व्हाइट संच होते, आणि त्यांवरही चित्र नीट दिसायचं, कारण प्रक्षेपणात उजळपणाचा संदेश वेगळा काढलेला असायचा.

आता माझा नकाशा. फाइलमध्ये मी रंगांची साधी नावं लिहिली होती: `red`, `orange`, `yellow`, `green`. वेबवर `red` म्हणजे (255, 0, 0). 255 ला 0.299 ने गुणलं की 76. `green` मात्र भडक हिरवा नसतो, तो असतो (0, 128, 0). 128 गुणिले 0.587 म्हणजे 75. झालं! धोक्याची सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची पायरी, दोघींत 255 पैकी एका अंकाचा फरक. `orange` येतो 173 आणि `yellow` 226. भडक हिरवा (0, 255, 0) घेतला असता तरी तो 150 वर आला असता, म्हणजे नारिंगीपेक्षा गडद. 'काही इशारा नाही' हे 'सज्ज राहा'पेक्षा जास्त भीतिदायक दिसलं असतं. सगळी यंत्रं हेच सूत्र वापरतात असं नाही. काही अडाणी सॉफ्टवेअर तिन्ही आकड्यांची सरळ सरासरी काढतात. मग भडक हिरवा आणि लाल दोघेही 85.

यावर उपाय म्हणजे इशाऱ्याचे रंग तेच ठेवायचे, पण उजळपणा धोक्याबरोबर पायरीपायरीने उतरवायचा. मी शेवटी हे चार ठरवले, # च्या पुढे तेच तीन आकडे सोळाच्या पायात लिहिले आहेत:

```
हिरवा   #E0F5E0   Y = 236
पिवळा   #F0C828   Y = 194
नारिंगी  #E17300   Y = 135
लाल     #960000   Y = 45
```

हिरवा मुद्दाम इतका फिका आहे. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की फिक्या छटा उडतात आणि तो भाग कोरा पांढरा होतो. होऊ दे, तिथे इशाराच नाही.

इथपर्यंत गणित, आणि फोनचा डिस्प्ले करडा करून ते तपासताही येतं. पण छपाईत आणखी एक गंमत आहे, ती फोन दाखवत नाही. लेझर प्रिंटरकडे करडा रंग नसतोच. त्याच्याकडे फक्त काळी पावडर, म्हणजे टोनर. करडा भास व्हावा म्हणून तो कागदाचे बारीक चौकोन करतो आणि प्रत्येक चौकोनात कमीजास्त काळे ठिपके टाकतो. इंचाला 600 ठिपके टाकणारा प्रिंटर घ्या. 6 बाय 6 ठिपक्यांचा एक चौकोन धरला तर त्यात 0 ते 36 ठिपके भरता येतात, म्हणजे 37 छटा. पण चौकोनाची रुंदी झाली इंचाचा शंभरावा भाग, साधारण पाव मिलिमीटर.

अख्खा जिल्हा रंगवायला पाव मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. अक्षरांना मात्र तो फार होतो. मी जिल्ह्यांची नावं 'छान दिसतात' म्हणून करड्या रंगात, 8 पॉइंटात, बारीक वजनाच्या फॉन्टमध्ये टाकली होती. एवढ्याशा अक्षरावरचा अनुस्वार एकदोन चौकोनांत मावतो. त्यात निम्मेच ठिपके पडले की कधी अनुस्वार उमटतो, कधी धूळ वाटते. माझी 'मुंबई' कागदावर 'मुबई' झाली होती. रोमन लिपीत आयच्या टिंबाशिवाय शब्द बहुधा कळतो. आपल्याकडे एक टिंब गेलं की 'अंत'चं 'अत' होतं. 'सिंधुदुर्ग' हा शब्द तर परीक्षेलाच बसवावा असा: अनुस्वार, दोन उकार, वर रफार. तो वाचता आला तर बाकीचं वाचता येतं. म्हणून अक्षरं आणि जिल्ह्यांच्या सीमा पूर्ण काळ्या, करड्या कधीच नाहीत. फॉन्ट मध्यम वजनाचा. मी मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' वापरतो, त्यात सात वजनं आहेत. आकार 10 पॉइंट. नावामागे पांढरी कड, नाहीतर जमिनीचे ठिपके उकाराला चिकटतात.

राहिली सूची. कोपऱ्यातले रंगीत चौकोन आणि शेजारी अर्थ, ही पद्धत करड्यात लंगडी पडते. एकच छटा पांढऱ्या कागदावर एकटी असली की गडद वाटते आणि काळ्या जिल्ह्याला खेटून असली की फिकी. डोळा फसतो आणि सूचीतल्या चौकोनाशी नकाशा जुळत नाही. म्हणून मी जिल्ह्याच्या नावाखालीच 'ऑरेंज', 'यलो' असं लिहितो. याबाबतीत पंचांगाकडून शिकावं. नक्षत्राचं वाहन बेडूक की उंदीर यावरून पाऊस कळतो हा भ्रम आहे, ढगांना त्याचा पत्ताही नसतो. पण 'वाहन बेडूक' हे अक्षरांत छापलेलं असतं. अंदाज भाकड असला तरी दहाव्या झेरॉक्समध्येही तो नीट वाचता येतो.

नवा नकाशा लागला. सिंधुदुर्ग जवळजवळ पांढरा, रायगड गडद, मधल्या पायऱ्या वेगळ्या. काकू चष्मा लावून बघत होत्या. "आता बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "पण रायगडचं नाव कुठे गेलं?"

गडद लालावर काळं उठलं नसतं, म्हणून तिथे तेवढी मी पांढरी अक्षरं टाकली होती, तीही त्याच मध्यम वजनाची. टोनर दोन्ही बाजूंनी थोडा पसरतो, त्यामुळे काळ्यावरची पांढरी रेघ छापताना बारीक होते. 'रायगड'ची शिरोरेषाच बुजली होती. तेवढं एक नाव आता ठळक, 12 पॉइंटात आहे.