मे महिन्याचं ऊन आणि गच्चीवरचं पॅनेल

छतावर सोलर बसवल्यास 78,000 रुपयांपर्यंत केंद्राचं अनुदान मिळतं हे कळल्यापासून नेरूळ-कोपरखैरणेच्या रो हाउसेसमध्ये आणि ठाण्यातल्या जुन्या बंगल्यांमध्ये गच्च्यांची मोजमापं सुरू झाली आहेत. त्या बोलण्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आपल्याकडे काय, मे महिन्यात नुसती आग ओकतो सूर्य. वीजच वीज!" पॅनेल उष्णतेवर चालतं, अशी ही समजूत आहे. पाणी तापवणारा सोलर बंब उष्णतेवर चालतो, पण वीज देणाऱ्या पॅनेलला उष्णता नकोच असते. त्याला हवा असतो प्रकाश.

पॅनेलमधला एकेक निळसर काळा चौकोन म्हणजे एक सेल, सिलिकॉनचा पातळ काप. त्याची जाडी मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही कमी असते. सिलिकॉनच्या अणूच्या बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात आणि ते चारही शेजारच्या अणूंशी बंधात गुंतलेले असतात. त्यातला एक सोडवायला किमान 1.1 इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा लागते, आणि ती एकाच फोटॉनने, म्हणजे प्रकाशाच्या एकाच कणाने, एका फटक्यात द्यावी लागते. जांभळाच्या फांदीला शंभर जणांनी नुसतं बोट लावलं तर जांभूळ पडत नाही, एकाने गदागदा हलवली की पडतं, तसंच हे. दिसणाऱ्या प्रकाशातल्या प्रत्येक फोटॉनकडे एवढी ऊर्जा असते. तापलेल्या तव्यातून निघणाऱ्या अवरक्त किरणांच्या फोटॉनकडे ती नसते. म्हणून अंधाऱ्या खोलीत सेलसमोर लालबुंद न झालेला पण चटका देणारा तवा धरला तर काहीच वीज मिळत नाही, आणि हाताला गार लागणाऱ्या ट्यूबलाइटखाली थोडी का होईना, मिळते.

पण इलेक्ट्रॉन सुटला म्हणजे वीज झाली असं नाही. तो सुटतो तेव्हा मागे एक रिकामी जागा उरते. तिला होल म्हणतात. शेजारचा इलेक्ट्रॉन त्या जागेत सरकतो, त्याची जागा रिकामी होते आणि असं करत ते होलही धन प्रभार असल्यासारखं फिरू लागतं. या दोघांना वेगळं केलं नाही तर इलेक्ट्रॉन पुन्हा कुठल्यातरी होलमध्ये जाऊन बसतो, मिळालेली ऊर्जा उष्णतेत जाते आणि तारेत काहीच येत नाही. सोलर सेलचं खरं काम या ताटातुटीत आहे, आणि मला त्यातला सर्वात देखणा भाग हाच वाटतो.

त्यासाठी सिलिकॉनमध्ये मुद्दाम भेसळ करतात. कापाच्या मुख्य भागात बोरॉन मिसळतात, साधारण पन्नास लाख सिलिकॉन अणूंमागे बोरॉनचा एक अणू. बोरॉनकडे तीनच बाह्य इलेक्ट्रॉन असल्यामुळे तिथे होल जास्त होतात. वरच्या अगदी पातळ थरात फॉस्फरस मिसळतात. त्याच्याकडे पाच असतात, म्हणून तिथे मोकळे इलेक्ट्रॉन जास्त. (आजच्या अनेक पॅनेलमध्ये हे दोन थर उलट असतात, तत्त्व तेच.) जिथे हे दोन भाग भेटतात तिथे फॉस्फरसच्या बाजूचे काही इलेक्ट्रॉन आपणहून पलीकडे जातात आणि बोरॉनच्या बाजूची होल भरून टाकतात. आता गंमत पाहा. इलेक्ट्रॉन हलले, पण अणू जागचे हलू शकत नाहीत. इलेक्ट्रॉन गमावलेले फॉस्फरसचे अणू धन होऊन बसतात, जादा इलेक्ट्रॉन मिळालेले बोरॉनचे अणू ऋण होऊन बसतात. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही अरुंद अशा त्या पट्ट्यात कायमचं विद्युत क्षेत्र तयार होतं. त्याला बॅटरी लागत नाही आणि ते कालांतराने उतरतही नाही.

फोटॉनने सुटलेला इलेक्ट्रॉन भटकत या पट्ट्यापाशी पोहोचला की ते क्षेत्र त्याला वरच्या थरात ढकलतं. होल मात्र खालीच राहतं. वर इलेक्ट्रॉन साचतात, खाली होल, आणि दोन बाजूंमध्ये सुमारे 0.6 ते 0.7 व्होल्टचा दाब तयार होतो. सेलवर दिसणाऱ्या चांदीच्या बारीक रेषा ते इलेक्ट्रॉन गोळा करतात. ते तारेतून जाऊन आपला पंखा फिरवतात आणि मागच्या बाजूने परत येऊन होलमध्ये बसतात. या सगळ्यात सिलिकॉन खर्च होत नाही, म्हणूनच पॅनेल पंचवीस वर्षं चालतं.

आता मे महिन्याकडे येऊ. सेल तापला की त्याचे अणू जोराने थरथरतात आणि काही बंध प्रकाशाशिवायच तुटतात. असे आगंतुक इलेक्ट्रॉन आणि होल वाढले की साचलेल्या प्रभाराला परत फिरून एकमेकांत मिसळायला जास्त वाटा मिळतात. दाब घटतो, दर अंश सेल्सियसला प्रत्येक सेलमागे साधारण दोन मिलिव्होल्ट. प्रवाह किंचित वाढतो, पण त्याने ही तूट भरून निघत नाही.

540 वॉटचं पॅनेल घ्या. हा आकडा सेलचं तापमान 25 अंश असताना, दर चौरस मीटरला 1000 वॉट प्रकाशात मोजलेला असतो. मेच्या दुपारी हवा 35 अंश असेल तर सेल सहज 65 अंशांवर जातो. पॅनेलच्या माहितीपत्रकात 'टेम्परेचर कोएफिशंट' नावाची ओळ असते, तिथे दर अंशाला उणे 0.35 टक्के लिहिलं असेल तर 40 अंशांच्या फरकाने 14 टक्के वीज गेली. 540 चे साधारण 465 वॉट उरले. अशी सहा पॅनेल लावली तर कागदावरचे 3.24 किलोवॉट भर दुपारी 2.8 च्या आसपास येतात, आणि इन्व्हर्टर व तारांमधली घट त्यानंतरची. त्यामुळे दुपारी बारा वाजता अॅपवर पूर्ण आकडा दिसला नाही म्हणून बसवणाऱ्याला लगेच फसव्या ठरवू नका. पण "आमचं पॅनेल तापलं की जास्तच वीज देतं" असं सांगणाऱ्याला ही ओळ जरूर दाखवायला सांगा.

पॅनेल पत्र्याला चिकटवून ठोकलं तर मागून हवा खेळत नाही आणि ते आणखी तापतं. गच्चीवर उंच सांगाड्यावर बसवलेलं पॅनेल त्यापेक्षा थंड राहतं. अंतर किती सोडणार हे कोटेशनमध्ये लिहून घ्या.

दिशेबद्दलही बोलायला हवं, कारण दक्षिण यमाची म्हणून पॅनेल पूर्वेकडे वळवून मागणारे लोक मला भेटले आहेत. ठाणे-नवी मुंबई 19 अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंतचे दिवस सोडले तर दुपारचा सूर्य आपल्या दक्षिणेलाच असतो. उरलेलं सगळं वर्ष पॅनेलने तिकडे पाहावं हे भूमितीचं सांगणं आहे, वास्तूचा तिथे संबंध नाही.

उष्णतेने वीज थोडी घटते, सावलीने मात्र धाडकन पडते. सेल एकामागे एक जोडलेले असतात, म्हणून सावलीतला एक सेल संपूर्ण माळेचा प्रवाह अडवतो आणि बाकीच्यांची वीज स्वतःमध्ये जिरवून तापतो. तो जळू नये म्हणून पॅनेलच्या मागच्या डबीत बायपास डायोड असतात. ते प्रवाहाला बाजूने वाट देतात, पण त्या बदल्यात साधारणपणे पॅनेलचा एक तृतीयांश भाग कामातून बाद होतो. हाताएवढी सावलीही त्याला पुरते.

म्हणून सर्वेक्षणाला माणूस आला की पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवा. गच्चीच्या पातळीवर ठेवलेल्या दीड मीटर उंच टाकीची सावली 22 डिसेंबरला दुपारी उत्तरेकडे सुमारे 1.4 मीटर पडते, पण त्याच दिवशी सकाळी नऊला ती वायव्येकडे साडेतीन मीटरांपलीकडे पोहोचते. टाकी जिन्याच्या खोलीवर असेल तर त्या खोलीची उंचीही धरा. आराखड्यात ही सकाळची सावली काढलेली नसेल तर ती काढून मगच पॅनेलच्या जागा ठरवायला सांगा.