पैठणीचा रंग फोटोत का बदलतो?

पैठणच्या घरात काढलेला जांभळ्या पैठणीचा फोटो. मागे नीळ दिलेली स्वच्छ पांढरी चादर, वर ट्यूबलाइट, बाजूला उघडी खिडकी. फोटोत चादर राखाडी दिसते आणि जांभळा रंग वांग्याकडे झुकतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, "रंग वेगळाच निघाला." दोष बहुतेक वेळा चादरीचा आणि दिव्याचा असतो.

आधी राखाडीपणाचं पाहू. मोबाइल समोरच्या दृश्याचा उजेड साधारण मध्यम करड्यापर्यंत आणायला बघतो. चौकटीत पांढरं जास्त असलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, म्हणून तो फोटो गडद करतो. साडीवर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग उजेडाची पट्टी थोडी वर सरकवा. चादर पांढरी व्हायला लागेल. जरीवर पांढरे ठिपके पडून नक्षी पुसली जाऊ लागली, की थांबायचं.

रंगाचं दुखणं जरा खोल आहे. नीळ आणि आजच्या साबणातली उजळवणारी द्रव्यं कापडाला किंचित निळसर करतात. साबणातली द्रव्यं उजेडातले न दिसणारे अतिनील किरण शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात. मोबाइल त्या निळसर कापडालाच 'खरं पांढरं' धरू शकतो. मग निळेपणा मारायला तो सगळ्या फोटोत पिवळा रंग मिसळतो, आणि जांभळ्यातलं निळं मरतं. छपाईच्या पांढऱ्या कागदाचीही हीच गत, म्हणून खूण म्हणून तोही नको. कॅमेऱ्याच्या दुकानात मिळणारं करडं कार्ड घ्या. पहिल्या फोटोत ते साडीशेजारी ठेवा, नंतर फोटोच्या ॲपमधल्या व्हाइट बॅलन्सच्या ड्रॉपरने त्यावर टिचकी मारा. तीच दुरुस्ती बाकीच्या फोटोंना लावायची, पण उजेड तोच असेल तरच.

ट्यूबलाइट बंद करा. खिडकीचा उजेड निळसर आणि दिव्याचा वेगळ्या छटेचा, असे दोन एकत्र आले की एका काठाला एक रंग, दुसऱ्याला दुसरा, आणि ते एका दुरुस्तीने सुटत नाही. ऊन थेट येत नाही अशी खिडकी बरी. आपल्याकडे एप्रिलमध्ये दुपारचं ऊन समोरच्या रंगवलेल्या भिंतीवरून परतून आत येतं आणि तिचा रंग साडीवर चढवतं. सकाळ गाठा. साडी दांडीवर टांगा, चादर तीन-चार फूट मागे, म्हणजे सावली तिच्यावर पडणार नाही.

एवढं करूनही धूपछाँव पैठणी एका फोटोत बसत नाही. तिचा ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा. कोन बदलला की कधी हा वर दिसतो, कधी तो. अशा साडीचे निदान दोन फोटो द्या, एक सरळ समोरून, एक तिरक्या घडीचा, आणि खाली दोन्ही रंग लिहा. शेवटी गिऱ्हाइकाचा पडदा आपल्या हातात नाही, पण 'जांभळा ताणा, गुलाबी बाणा' एवढं वाचता येतं.